कबड्डीच्या एका सामन्यात किती कॅलरी? बाद होऊन बसलेला वेळ धरून: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

मंडळाच्या सरांनी काम दिलं आहे. स्पर्धेत एका दिवशी दोन-दोन सामने होतात आणि त्या दिवशी पोरांनी नेहमीपेक्षा किती जास्त खावं, हे त्यांना अंदाजे का होईना पण आकड्यात हवं आहे. पोरांकडे आकडा आहेच. मोबाइलमधल्या कुठल्याशा अ‍ॅपवर वजन आणि मिनिटं टाकली की एका सामन्याला पाचशेच्या आसपास कॅलरी येतात. दोन सामने म्हणजे हजार, आणि हजार जळल्या म्हणजे काय वाटेल ते खायला मोकळे.

सरांना तो आकडा पटत नाही आणि त्यांचं कारण साधं आहे. "अरे, आपला डावा कोपरा अर्धा सामना बाहेर बसलेला असतो. बसल्या-बसल्या कसल्या कॅलरी जळतात?"

प्रश्न बरोबर आहे. अ‍ॅपला सामना किती मिनिटं चालला ते कळतं. खेळाडू त्यातली किती मिनिटं मॅटवर होता ते कळत नाही. हातात घड्याळ घालून मोजावं तर पकडीत ते स्वतःला किंवा समोरच्याला लागणार. जिथे सामन्याआधी पंच नखंसुद्धा तपासतात तिथे घड्याळाचं नाव काढायला नको. म्हणून मेटच्या पद्धतीनं जायचं, पण रिकामा वेळ नीट धरून.

(पुढे सगळीकडे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी. आहाराच्या बोलण्यात आपण तसंच म्हणतो.)

७ नोव्हेंबर

मेट म्हणजे काय ते पोरांना सांगता येईल अशा शब्दांत एकदा लिहून ठेवतो. स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा वापरतं तिला १ मेट म्हणायचं. संकेत असा की १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे दर मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन, म्हणजे ढोबळमानानं दर किलोमागे तासाला १ कॅलरी. एखादं काम ६ मेटचं असेल तर त्यात बसण्याच्या सहापट ऊर्जा लागते. ६८ किलोच्या माणसानं ते तासभर केलं तर ६ × ६८ = ४०८ कॅलरी. मिनिटांत हिशेब करायचा तर मेटला मिनिटांनी गुणायचं, मग वजनानं गुणायचं आणि ६० नं भागायचं.

नेटवर दुसरं एक सूत्र दिसतं, त्यात मेट × ३.५ × वजन ÷ २०० केलं की मिनिटाच्या कॅलरी मिळतात. त्यानं उत्तर बरोबर ५ टक्के जास्त येतं, कारण ते एक लिटर ऑक्सिजनमागे ५ कॅलरी धरतं आणि मग तासाला १ च्या ऐवजी १.०५ होतात. कुठलंही एक घ्यावं, पण एकाच तक्त्यात दोन्ही मिसळू नयेत. मी १ चं घेतो आहे.

कुठल्या कामाला किती मेट याची एक मोठी यादी आहे. ती पहिल्यांदा १९९३ मध्ये अमेरिकेत छापली गेली. पुढे २००० आणि २०११ मध्ये सुधारली गेली आणि २०२४ मध्ये नव्यानं आली. आवृत्तीनुसार आकडे थोडे बदलतात, म्हणून नोंद करून ठेवतो: मी २०११ ची वापरतो आहे. तिच्यात बॅडमिंटनला दोन आकडे आहेत, मौजेखातर खेळलं तर ५.५ आणि स्पर्धेतलं ७.०. क्रिकेटला एकच आकडा आहे, फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण सगळं मिळून ४.८. स्वस्थ बसणं किंवा उभं राहणं १.३. कबड्डी नाही. कुस्ती ६.०, स्पर्धेतलं रग्बी ८.३. आपल्या खेळाचं भाऊबंद म्हणावेत असे एवढेच.

अ‍ॅपचा पाचशेच्या जवळचा आकडा कुठून येतो तेही बहुधा कळलं. रग्बीचे ८.३ घेऊन ५२ मिनिटं लावली तर ६८ किलोला ४८९ येतात.

१२ नोव्हेंबर

कबड्डीला हात घालण्याआधी ज्या खेळाचा आकडा यादीत आहे त्यावर रिकाम्या वेळाचा नियम ठरवायला हवा होता. वहिनी रविवारी बॅडमिंटन खेळायला जातात. सहा जणांत एक कोर्ट, दोन तासांसाठी. चौघं खेळतात, दोघं बाकावर, आणि दर गेमनंतर अदलाबदल. त्यांचं वजन ६० किलो आहे, त्यामुळे मेट-मिनिटं आणि कॅलरी एकच आणि हिशेब तोंडी होतो.

सरसकट धरलं तर १२० × ५.५ = ६६०. पण सहांतले चारच खेळत असल्यानं प्रत्येकाच्या वाट्याला ८० मिनिटं कोर्ट आणि ४० मिनिटं बाक. मग ८० × ५.५ = ४४० आणि ४० × १.३ = ५२, मिळून ४९२.

त्यांच्या गटातले एक काका स्टॉपवॉच घेऊन बसणारे आहेत. त्यांचं म्हणणं, कोर्टवरही सतत खेळ कुठे असतो? शटल उचला, परत फेका, गुण विचारा, सर्व्हिसला उभे राहा. शटल हवेत असण्याचा वेळ निम्म्याहूनही कमी भरतो. मग ८० मिनिटांतलेही फक्त ४० टक्के धरा. तसं केलं तर ३२ मिनिटं खेळ आणि ८८ मिनिटं रिकामी, मिळून २९० कॅलरी.

काकांचं निरीक्षण बरोबर आहे, हिशेब नाही. यादीतला ५.५ हा आकडा शटल हवेत असतानाच्या सेकंदांचा नाहीच. तो 'बॅडमिंटन खेळणं' या अख्ख्या कृतीचा आहे आणि शटल उचलायला जाणं हाही त्या कृतीचाच भाग. रॅली चालू असताना माणूस ५.५ पेक्षा बराच वर असतो, दोन रॅलींच्या मध्ये बराच खाली, आणि दोन्हीची सरासरी त्या आकड्यात आधीच उतरली आहे. काकांनी तोच विसावा दुसऱ्यांदा कापला.

म्हणजे रिकामा वेळ दोन जातींचा. एक खेळाच्या पोटातला, जो आकड्यात आलेला असतो आणि ज्याला हात लावायचा नाही. दुसरा खेळाच्या बाहेरचा, बाकावरचा, पाणी पिऊन गप्पा मारण्याचा. तो आकड्यात नसतो आणि तो वेगळा काढायलाच हवा. ओळखायची खूण म्हणून मी असं ठरवलं: त्या क्षणी खेळ सुरू झाला तर हा माणूस खेळायला लागेल का? शटल उचलणारी बाई लागेल, बाकावरची नाही.

१६ नोव्हेंबर

क्रिकेटवर थोडक्यात, कारण मंडळातल्या निम्म्या पोरांचा रविवार टेनिस बॉलवर जातो आणि त्यांनाही आकडा हवाय.

वीस षटकांचा सामना, मधल्या वेळासकट सव्वातीन तास. आठव्या क्रमांकावर येणारा, गोलंदाजी न करणारा, ७० किलोचा गडी. क्षेत्ररक्षण ८५ मिनिटं, फलंदाजी १० मिनिटं, उरलेली १०० मिनिटं झाडाखाली. आत ९५ × ४.८ = ४५६, बाहेर १०० मिनिटं उभं-बसणं मिळून १.४ नं १४०. एकूण ५९६ मेट-मिनिटं, म्हणजे ६९५ कॅलरी. सरसकट ४.८ लावला असता तर १,०९२.

खुणेचा नियम इथे चालतो. लाँग-ऑनला कमरेवर हात ठेवून उभा असलेला गडी आत आहे, पॅड बांधून बसलेला बाहेर. अडचण वेगळी आहे. एकाच ४.८ मध्ये धावत येऊन चार षटकं टाकणारा आणि स्लिपमध्ये उभा राहणारा दोघंही बसवलेत. बाहेरचा वेळ कितीही नीट मोजला तरी आतल्या दोघांतला फरक या आकड्यातून निघणार नाही. क्रिकेटचं एवढ्यावर सोडतो.

२३ नोव्हेंबर

आज सराव सामना चित्रित केला. मोबाइल तिवईवर, मध्यरेषेच्या थोडा मागे आणि उंच, म्हणजे दोन्ही अंगणं आणि बाद झालेले बसतात ती जागाही चौकटीत येते. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. फक्त मॅट दिसली तर बाद झालेला खेळाडू चित्रातून गायब होतो आणि तो नेमका कधी उठून आत आला ते शोधत बसावं लागतं.

कबड्डीत रिकामा वेळ बॅडमिंटनसारखा पाळीनं येत नाही. गडी बाद झाला की संघाला गुण मिळून त्याचा नंबर लागेपर्यंत तो बाहेर. संघ चांगला खेळत असेल तर मिनिटभरात आत, संघ दबला असेल तर पाच-सहा मिनिटं बाहेर. लोण चढला तर सगळेच एकदम आत. म्हणून एकाच खेळाडूचा बाहेरचा वेळ दोन सामन्यांत दुपटीनं वेगळा असू शकतो आणि 'कबड्डीपटू सरासरी इतका वेळ बाहेर' असा कुठलाही ठरावीक आकडा लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक सामन्याला मोजावंच लागतं.

डावा कोपराच निवडला. तो चढायाही करतो, म्हणजे सगळ्या प्रकारची हालचाल एकाच माणसात सापडते. वय २३, वजन सामन्याआधी ६८ किलो.

२६ नोव्हेंबर

चित्रण अर्ध्या वेगानं पाहून सेकंद मोजले. कंटाळवाणं काम आहे आणि दोन तासांनंतर डोळे फसवायला लागतात, म्हणून एक डाव एका बैठकीत आणि दुसरा दुसऱ्या.

पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत ५२ मिनिटं. त्यात खेळाची २०-२० मिनिटं, मधली ५ मिनिटांची विश्रांती आणि टाइमआउट, वादावादी, एकाचा पाय मुरगळला ते धरून थांबलेलं घड्याळ ७ मिनिटं.

४० मिनिटांत आमचा कोपरा २६ मिनिटं १० सेकंद मॅटवर होता आणि १३ मिनिटं ५० सेकंद बाद होऊन बाहेर. सर 'अर्धा सामना' म्हणाले होते. खेळाच्या वेळेतला तिसरा हिस्सा निघाला, पण विश्रांती आणि थांबलेलं घड्याळ मिळवलं तर ५२ मिनिटांतली जवळजवळ २६ मिनिटं तो खेळत नव्हता. म्हणजे सर बरोबरच.

मॅटवरच्या २६ मिनिटांची फोड अशी. स्वतःच्या चढाया ३ मिनिटं २० सेकंद. समोरचा चढाईला आला असताना साखळीत सरकणं, पुढे-मागे होणं ८ मिनिटं २० सेकंद. प्रत्यक्ष झटापट, म्हणजे पकड करताना किंवा स्वतः पकडला गेल्यावर रेषेकडे ओढत जाताना, अवघा १ मिनिट १० सेकंद. उरलेली १३ मिनिटं २० सेकंद आपला दुसरा गडी चढाईला गेला असताना मागे उभं राहणं आणि दोन चढायांमध्ये जागा घेणं.

झटापटीचा आकडा पाहून सरांनी तो पुन्हा मोजायला लावला. चाळीस मिनिटांच्या खेळात खरी कुस्ती ७० सेकंदांची, हे त्यांना खरं वाटेना. पुन्हा मोजला, तीन-चार सेकंदांचाच फरक पडला.

३० नोव्हेंबर

हिशेब दोन वाटांनी केला.

पहिली वाट तुकड्यांची. कबड्डीचा आकडा नाही, तर हालचालीच्या प्रत्येक जातीला जवळचा आकडा लावायचा. इथे एक सापळा आहे आणि तो बॅडमिंटनवाल्या काकांच्या उलट्या बाजूचा आहे. चढाईच्या सेकंदांना रग्बीचे ८.३ लावता येत नाहीत, कारण रग्बीचा आकडा अख्ख्या सामन्याचा, त्यातल्या विसाव्यासकट. आपण विसावा आधीच वेगळा काढला आहे, तर उरलेल्या सेकंदांना विसावा नसलेल्या कृतीचा आकडा हवा. म्हणून धावण्याकडे पाहिलं. ताशी ८ किलोमीटरनं धावणं ८.३, ताशी साडेनऊच्या आसपास ९.८. एकेक ठाम आकडा घेण्याऐवजी खालचा आणि वरचा असे दोन घेतले. चढाईला ७ ते १०, साखळीतल्या बचावाला ५ ते ८, झटापटीला १० ते १३, मॅटवर उभं राहण्या-चालण्याला २ ते २.५, बाहेर बसण्याला १.३ ते १.८.

बसण्याला १.३ च्या वर का, तर बाद होऊन आलेला गडी बसला तरी धापा टाकत असतो. झटापटीत ऑक्सिजनची जी उधारी झाली ती शरीर बाहेर बसून फेडतं. त्यामुळे कबड्डीतला रिकामा वेळ पहिली दोन-तीन मिनिटं तरी रिकामा नसतो आणि त्याला सरळ 'स्वस्थ बसणं' म्हटलं तर खेळाचाच थोडा खर्च सुटतो.

खालच्या आकड्यांनी बेरीज १३७ मेट-मिनिटं, म्हणजे १५५ कॅलरी. वरच्या आकड्यांनी १९५ मेट-मिनिटं, म्हणजे २२१ कॅलरी. अ‍ॅपच्या निम्म्याहून कमी, दोन्ही टोकांना.

दुसरी वाट बॅडमिंटनची. मॅटवरचा अख्खा वेळ एकच कृती मानायची, उभं राहणं खेळाच्या पोटातलं समजायचं आणि शेजारच्या खेळाचा आकडा लावायचा. कुस्तीचे ६.० घेतले. २६.१७ × ६ = १५७. बाहेरची सगळी मिळून २५.८३ मिनिटं, त्यांना १.५ नं ३९. एकूण १९६, म्हणजे २२२ कॅलरी.

दोन वाटा २२१ आणि २२२ वर भेटल्या म्हणून हुरळून जायचं कारण नाही, तो योगायोग आहे. कुस्तीऐवजी ७ घेतले असते तर २५२ आले असते. पण दुसऱ्या वाटेचं उत्तर पहिलीच्या वरच्या टोकाशी बसतं यात मला तथ्य वाटतं. तुकड्यांची वाट स्वभावतः कमी दाखवते. सरळ एका वेगानं धावण्यापेक्षा दोन पावलं उडी, थांबणं, उलट फिरणं याला जास्त ऊर्जा लागते, आणि धावण्याचे आकडे एकसारख्या वेगाचे आहेत. साखळीत हात घट्ट धरून वाकून राहणं तर सेकंदांच्या तक्त्यात हालचाल म्हणून दिसतही नाही. म्हणून खालचं टोक मी सोडून देतो. आमच्या कोपऱ्यासाठी या सामन्याचं उत्तर २०० ते २५०.

४ डिसेंबर

ओळखीतल्या एका सायकलवाल्याकडून छातीचा पट्टा आणला, ठोके मोजणारा. मॅटवर पालथं पडताना तो टोचतो, म्हणून फक्त सरावात आणि कोपऱ्याच्या तयारीनं.

ठोक्यांवरून ऊर्जा काढायचं एक प्रसिद्ध सूत्र २००५ मध्ये छापलं गेलं. पुरुषांसाठी ते असं आहे, उत्तर मिनिटाच्या कॅलरीत:

```
(-55.0969 + 0.6309*ठोके + 0.1988*वजन + 0.2017*वय) / 4.184
```

एक जागा पाहिली आणि बाकीचं पाहायची गरज उरली नाही. पकडीत बाद होऊन तो बाकावर बसला, बसल्यावरही ठोके १३० वर होते. सूत्रात १३०, ६८ आणि २३ घातले तर मिनिटाला १०.८ कॅलरी येतात. मेटमध्ये ते साडेनऊ. म्हणजे बाकावर बसलेला माणूस ताशी नऊ किलोमीटरनं पळतो आहे!

सूत्र खोटं नाही. ते एका लयीत चालणाऱ्या व्यायामासाठी बांधलं आहे, जिथे ठोके आणि ऑक्सिजन जोडीनं चढतात-उतरतात. कबड्डीत श्रम वीस सेकंदांत संपतात आणि ठोके मागाहून सावकाश उतरतात. वर उकाडा, वर 'आता आपली तिसरी चढाई' ही धाकधूक. ठोके वाढतात, ऊर्जा तेवढी वाढत नाही. जिथे रिकामा वेळ थोडा-थोडा करून विखुरलेला असतो तिथे ठोक्यांचा आकडा नेमका त्या रिकाम्या वेळातच फुगतो.

पट्ट्याचा उपयोग तरी झाला. कुणी ठोक्यांवर चालणाऱ्या उपकरणाचा आकडा घेऊन आलं तर आधी बसलेल्या मिनिटांचा आलेख मागायचा. तिथे मिनिटाला दहा दिसले की बाकीचं पाहायला नको.

८ डिसेंबर

मंडळाच्या वापरासाठी तक्ता केला. सेकंदांची फोड दर सामन्याला कुणी करणार नाही, मीही नाही. दुसऱ्या वाटेनं फक्त दोन वेळा लागतात, मॅटवरचा आणि बाहेरचा. बाद झालेले बसतात तिथे एक पोरगा मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसेल, गडी बाहेर आला की सुरू, उठला की बंद. एकावेळी दोन गड्यांचं सहज जमतं.

ब रकान्यात मिनिटं, क रकान्यात मेट, वजन एका ठरलेल्या चौकटीत. एकूण कॅलरी आणि जादा कॅलरी अशा दोन ओळी. दुसरीचं कारण पुढच्या नोंदीत.

```
=SUMPRODUCT(B2:B5, C2:C5) * $F$1 / 60
=SUMPRODUCT(B2:B5, C2:C5 - 1) * $F$1 / 60
```

पोरांना देताना एक गोष्ट बजावून सांगायची. स्टॉपवॉचवर १३:५० दिसतं आणि ते तसंच चौकटीत टाकलं तर तक्ता त्याला दुपारचे एक पन्नास समजतो. आत तो दिवसाचा अंश म्हणून साठतो, १३.८३ नाही तर ०.५७६, आणि सगळ्या सामन्याच्या दहा कॅलरीही होत नाहीत. मिनिटं दशांशात टाकायची, नाहीतर त्या चौकटीला २४ नं गुणायचं, की तास-मिनिटांची मिनिटं-सेकंदं होतात.

१४ डिसेंबर

सरांचा मूळ प्रश्न 'किती जळल्या' हा नव्हता, 'किती जास्त खायचं' हा होता. त्यासाठी २२२ हा आकडा उपयोगाचा नाही. त्या ५२ मिनिटांत तो घरी लोळत पडला असता तरी १ मेटनं ५९ कॅलरी लागल्याच असत्या, शरीराचं घरभाडं म्हणून, आणि ते भाडं त्याच्या रोजच्या जेवणात भरलेलं आहे. मेटमधून १ वजा करून गुणलं की सामन्यामुळे पडलेला जादा खर्च उरतो. ५२ मिनिटांसाठी १९६ वजा ५२ म्हणजे १४४ मेट-मिनिटं, १६३ कॅलरी.

असं वजा केल्यावर रिकाम्या वेळाचा जाचही बराच कमी होतो. बाहेर बसण्याला १.३ धरा की १.५, वजाबाकीनंतर ०.३ की ०.५ उरतात आणि पंचवीस मिनिटांत फरक सहा कॅलरींचा पडतो. काय नेमकं मोजायला हवं ते एकच, मॅटवरची मिनिटं. तिथे एका मिनिटाची चूक म्हणजे पाच कॅलरी.

सरांना हे दाखवलं तर ते म्हणाले, "आणि वॉर्मअप? तो कुणी धरायचा?"

धरला नव्हता कुणीच, अ‍ॅपनंही. आमची पोरं सामन्याआधी दहा मिनिटं जॉगिंग करतात, मग पंधरा मिनिटं जोर-बैठका, ताण, पायांचे व्यायाम. यादीत जॉगिंग ७.०, बेताचा व्यायाम ३.८. मिळून ७० आणि ५७, १२७ मेट-मिनिटं, एक वजा करून ११६ कॅलरी. सामन्याच्या जादा खर्चाच्या सत्तर टक्के! कारण उघड आहे, वॉर्मअपमध्ये बाद होऊन कुणी बसत नाही.

दोन सामन्यांच्या दिवसाचा कोपऱ्याचा हिशेब: सामन्यांचे १६३ दोनदा, वॉर्मअपचे ११६ दोनदा, ५५८. मेटचे आकडे मुळात अंदाजाचे असल्यानं मी सरांना ४५० ते ६५० असं लिहून दिलं आणि बजावलं की हे ६८ किलोच्या, दोन तृतीयांश वेळ मॅटवर राहिलेल्या गड्याचं आहे. पूर्ण ४० मिनिटं आत राहिलेल्याचा एका सामन्याचा जादा खर्च २३३ येतो, आणि पहिल्याच मिनिटाला बाद होऊन पुढे बदली झालेल्याला वॉर्मअपच जास्त पडतो.

सरांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या स्पर्धेला स्टॉपवॉचवर कोण बसणार ते अजून ठरलेलं नाही, राखीव गड्यांपैकी कुणीच तयार नाही.